विहिरींच्या पेपरची फेरमांडणी: सहलेखकांना लिहिलेल्या एका मेलचं प्रकरण

औसा तालुक्यातल्या एका शिवारात २०१६ च्या उन्हाळ्यात नाल्याचं खोलीकरण झालं. नाल्याकाठच्या आणि नाल्यापासून लांबच्या विहिरींची पाणीपातळी माझ्याकडे २०१४ पासून २०१९ पर्यंत नोंदलेली होती. या नोंदींवर आम्ही चौघांनी मिळून इंग्रजीत एक पेपर लिहिला. विहिरींचं काम माझं. माझे जुने गाईड, निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ, यांनी खडकाचा भाग पाहिला. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी विद्यार्थ्यांना घेऊन घरोघरी पीक आणि पंपांचं सर्वेक्षण केलं. जालन्याच्या दादांनी पावसाच्या नोंदी आणि नकाशे तयार केले.

प्रत्येकानं आपापला भाग लिहिला आणि मी ते एकापुढे एक जोडले. नऊ प्रकरणं, ९७०० शब्द झाले. नियतकालिकाची मर्यादा ७००० ची. मला सुरुवातीला वाटलं की प्रश्न फक्त लांबीचा आहे. प्रत्येकानं पाव भागाहून थोडं जास्त कमी केलं की काम झालं. तसं करायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी अडले, कारण कापायचं काय हेच ठरेना. प्रत्येक परिच्छेद आपल्या जागी बरोबर होता, पण सगळं मिळून काय म्हणायचं आहे ते कुठेच दिसत नव्हतं.

अडचण कुठे होती ते समजायला त्या वर्षांचा पाऊस आठवावा लागतो. २०१४ आणि २०१५ कोरडी गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मात्र धो धो पाऊस झाला आणि मांजरा धरण भरलं. आमच्या नाल्याचं खोलीकरण नेमकं या दोन गोष्टींच्या मधे झालेलं. २०१५ चा ऑक्टोबर आणि २०१६ चा ऑक्टोबर शेजारी ठेवले तर विहिरी तुडुंब दिसतात, पण ती किमया खोलीकरणाची की पावसाची, हे त्या दोन आकड्यांवरून सांगताच येत नाही. खरी कसोटी २०१८ ची. त्या वर्षी पाऊस पुन्हा कमी झाला, मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. खोलीकरणाआधीचं कोरडं वर्ष आणि नंतरचं कोरडं वर्ष, ही तुलना प्रामाणिक.

आमच्या मसुद्यात विहिरी पाचव्या प्रकरणात आणि पाऊस सहाव्यात होता. म्हणजे वाचक आधी विहिरी भरलेल्या पाहणार, मनात खोलीकरणाला श्रेय देऊन टाकणार, आणि मग त्याला कळणार की त्या वर्षी पाऊसच दणदणीत होता. त्यातून २०१६ च्या पावसाची गोष्ट चार ठिकाणी आली होती, कारण आम्हा प्रत्येकाला आपापल्या आकड्यांचा खुलासा करताना ती सांगावी लागली होती. प्रकरणं कुणी काय मोजलं यावर पाडलेली होती. ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतात यावर पाडायला हवी होती.

पहिला मेल मी चुकीचा पाठवला. एका रविवारी बसून सगळा मसुदा स्वतःच उलटापालटा केला आणि जोडून पाठवला. मेलमध्ये तीन ओळी: पेपर थोडा नव्यानं मांडला आहे, कृपया पाहून घ्यावा, सूचना कळवाव्यात. बारा दिवस कुणाचं उत्तर नाही. तेराव्या दिवशी मॅडमनी सुधारलेलं सर्वेक्षणाचं प्रकरण पाठवलं, ते जुन्या फाइलमध्ये. त्यांनी माझी फाइल उघडून पाहिली होती, पण ट्रॅक चेंजेसमध्ये सगळं पान लाल झालेलं, त्यात त्यांचे परिच्छेद कुठे गेले ते त्यांना सापडलं नाही. त्यांना वाटलं की निम्मे काढून टाकले. खरं तर बहुतेक परिच्छेद फक्त हलवलेले होते. वर्डमध्ये परिच्छेद कापून दुसरीकडे चिकटवला आणि मग त्यात शब्द बदलले की तो एका जागी खोडलेला आणि दुसऱ्या जागी नव्यानं लिहिलेला दिसतो. लेखकाला आपलंच वाक्य ओळखू येत नाही. दुसरी चूक अशी की मी प्रश्न विचारलाच नव्हता. ‘सूचना कळवाव्यात’ याला उत्तर देण्यासारखं काही नसतं.

दुसऱ्या मेलच्या आधी मी तीन संध्याकाळी एकच काम केलं. मसुद्यातल्या प्रत्येक परिच्छेदासमोर वहीत एक ओळ लिहिली: हा परिच्छेद काय सांगतो. विषय नाही, विधान. ‘विहिरींची पातळी’ असं लिहिलं तर काहीच उपयोग नाही. ‘नाल्याकाठच्या विहिरी ऑक्टोबरमध्ये लांबच्या विहिरींपेक्षा जास्त भरतात’ असं लिहिलं की कळतं. ज्या परिच्छेदाची ओळ लिहिता येत नव्हती, त्यात विधान नव्हतंच. रिव्ह्यूच्या प्रकरणात असे सात निघाले. मग ओळी कापून चिठ्ठ्या केल्या आणि जमिनीवर मांडल्या, प्रत्येक चिठ्ठी ज्या प्रश्नाचं उत्तर देते त्या प्रश्नाखाली.

तिथेच सगळ्यात मोलाची गोष्ट हाती लागली. विहिरीची पातळी म्हणजे नुसता भरणा नसतो, भरणा वजा उपसा असतो. ऑक्टोबरच्या पातळीत पावसाळ्यात जमिनीत काय मुरलं ते बऱ्यापैकी दिसतं, कारण खरिपात उपसा कमी. मेच्या पातळीत मात्र हरभरा, ऊस, नव्या बोअर, सगळ्यांचा हिशेब असतो. नाल्याकाठच्या काही विहिरी ऑक्टोबरमध्ये चांगल्या भरत होत्या आणि मेमध्ये पूर्वीइतक्याच कोरड्या पडत होत्या. माझ्या प्रकरणात याला ‘विसंगती’ म्हटलं होतं. उत्तर मॅडमच्या प्रकरणात तीन पानं पुढे होतं: पाणी दिसलं तसा त्याच शेतकऱ्यांनी रब्बीचा पेरा वाढवला होता. दोन प्रकरणांत अर्धं अर्धं कोडं होतं. म्हणून ऑक्टोबर पावसासोबत आणि मे सर्वेक्षणासोबत जायला हवे होते, आणि माझं विहिरींचं प्रकरण मधोमध फोडायला हवं होतं.

मग हा मेल लिहिला. फाइल जोडली नाही.

‘विषय: पेपरची नवी मांडणी, शुक्रवार १४ तारखेपर्यंत तुमचं उत्तर हवं

सर, मॅडम, दादा, नमस्कार.

मागच्या महिन्यात पाठवलेली फाइल कृपया बाजूला ठेवा. ती पाठवण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. जुना मसुदा जसाच्या तसा आहे, त्यातला एकही शब्द गेलेला नाही.

मांडणी बदलायचं कारण एकच आहे. सध्याच्या क्रमात वाचक विहिरी आधी पाहतो आणि पाऊस नंतर, त्यामुळे २०१६ ची सगळी वाढ खोलीकरणाची वाटते. आपलं म्हणणं तसं नाही. आपलं म्हणणं असं आहे: सारख्याच कोरड्या वर्षांची तुलना केली तर नाल्याकाठी ऑक्टोबरची पातळी सुधारलेली दिसते, मेपर्यंत ती उपशात संपते. हे वाक्य तुम्हाला मान्य आहे का, हा माझा पहिला प्रश्न. ते मान्य नसेल तर पुढचं वाचण्याआधी मला फोन करा.

कोणता भाग कुठे जाईल:

जुनं १ (इंट्रोडक्शन) आणि २ (रिव्ह्यू) एकत्र, नवं १. लिहिणार मी, तपासणार सर. ९०० शब्द.

जुनं ३ (स्टडी एरिया) आणि ४ (मेथड्स) एकत्र, नवं २. लिहिणार मी, त्यातला खडकाचा भाग सर, ३०० शब्द. तपासणार दादा. एकूण १५००.

जुनं ६ (पाऊस) पुढे येऊन नवं ३.१. कोणती वर्षं एकमेकांशी तुलना करण्याजोगी आहेत, एवढंच सांगायचं. लिहिणार दादा, तपासणार मी. ७०० शब्द.

जुन्या ५ मधला ऑक्टोबरचा भाग, नवं ३.२. लिहिणार मी, तपासणार सर. १००० शब्द.

जुन्या ५ मधला मेचा भाग आणि जुनं ७ (सर्वेक्षण) एकत्र, नवं ३.३. लिहिणार मी, तपासणार मॅडम. १२०० शब्द.

जुनं ८ (डिस्कशन) नवं ४. लिहिणार सर, तपासणार मॅडम. १२०० शब्द. पावसाचा खुलासा इथून काढायचा, तो ३.१ मध्ये एकदाच.

जुनं ९ नवं ५. शिफारशी वगळून ३०० शब्द. लिहिणार मी.

बेरीज ६८००, म्हणजे २०० शब्द हाताशी राहतात.

माझ्या मनात शंका आहे ती ३.३ बद्दल. सर्वेक्षण वेगळं ठेवावं असं वाटत असेल तर सांगा.

शुक्रवारपर्यंत क्रमाबद्दल हरकत आली नाही तर क्रम मान्य आहे असं समजून मी शनिवारी परिच्छेद हलवीन. कामाच्या वाटणीबद्दल मात्र प्रत्येकाचा होकार मला लागेल, गप्प राहण्याला मी होकार समजणार नाही. लिहायला त्यानंतर तीन आठवडे.’

मेलमध्ये दोन गोष्टी मी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. क्रमाला मुदत आणि मौन चालतं, कारण क्रम पुन्हा बदलता येतो. कामाला मौन चालत नाही, कारण ज्यानं होकार दिलेला नाही त्याचा भाग तिसऱ्या आठवड्यात रिकामाच निघतो. आणि प्रत्येक भागाला लिहिणारा एकच. ‘मी आणि मॅडम मिळून’ असं लिहिलं असतं तर दोघींनी एकमेकींची वाट पाहिली असती.

सरांचं उत्तर त्याच रात्री आलं. क्रम पटला, पण खडकाला ३०० शब्द पुरणार नाहीत. मला वाटलं होतं की आपल्या प्रकरणाचा आकार राखण्यासाठी ते बोलताहेत. तसं नव्हतं. पातळी किती वाढली यावरून पाणी किती मुरलं हे काढताना वाढीला विशिष्ट उत्पन्नानं गुणावं लागतं, म्हणजे खडकातून प्रत्यक्ष सुटणाऱ्या पाण्याच्या प्रमाणानं. झिजलेल्या किंवा सच्छिद्र बेसॉल्टसाठी ते साधारण २ टक्के धरतात. १ मीटर वाढ म्हणजे २० मिलिमीटर पाणी. तेच ३ टक्के धरलं तर ३० मिलिमीटर, म्हणजे उत्तर एकदम दीडपट. आमच्या शिवारात एका बाजूला मुरूम आणि मांजऱ्या खडक, दुसऱ्या बाजूला थोड्याच खोलीवर काळा पाषाण. सरांचं म्हणणं, हा फरक सूत्राच्या शेजारी नसेल तर २ टक्के कुठून आले असं परीक्षक विचारणारच. जुन्या मसुद्यात खडक तिसऱ्या प्रकरणात आणि सूत्र चौथ्यात होतं, मधे हवामान, लोकसंख्या आणि तालुक्याचा नकाशा. आम्ही हाताशी ठेवलेले २०० शब्द त्यांना दिले. लोकसंख्येचा परिच्छेद गेला, त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

मॅडमचा फोन आला. आवाजातूनच कळलं की दुखावल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं: सर्वेक्षणाला उन्हात फिरलेल्या विद्यार्थ्यांचे दोन महिने लागले, आणि आता त्याचं शीर्षकही राहणार नाही, लिहिणारही तू. मी म्हटलं, तुमचे आकडे सगळे राहणार आहेत. त्या म्हणाल्या, आकडे राहतील, अर्थ तू लावशील. हे बोलणं माझ्या वर्मी बसलं, कारण ते खरं होतं. ३.३ मध्ये विहिरींचे आकडे माझे म्हणून मी लिहिणं स्वाभाविक धरलं होतं. पण त्या भागाचं विधान उपशाबद्दल आहे, आणि उपशाचा पुरावा माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. दोन भाग एकत्र करताना लेखणी कुणाच्या हातात द्यायची, याचं उत्तर तिथे मिळालं: विधान ज्याच्या पुराव्यावर उभं आहे त्याच्या. वाटणी उलटी केली. ३.३ मॅडम लिहिणार, मी विहिरींचे आकडे तपासणार. शीर्षक त्यांनीच दिलं: मे महिन्याची पातळी आणि उपसा.

श्रेयाचा प्रश्न तेवढ्यानं मिटत नव्हता. प्रकरणं एकत्र केली की कुणी काय केलं हे मांडणीतून दिसायचं बंद होतं, म्हणून ते दुसरीकडे लिहावं लागतं. बऱ्याच नियतकालिकांत आता लेखकांच्या सहभागाचं निवेदन द्यावं लागतं, त्यासाठी क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात: संकल्पना, पद्धती, प्रत्यक्ष तपास, विदा सांभाळणं, पहिला मसुदा, सुधारणा वगैरे. ते निवेदन आम्ही शेवटी लिहायचं ठेवलं होतं. ते मी त्याच आठवड्यात लिहून सगळ्यांना पाठवलं आणि फेरमांडणीच्या मेलसोबत ठेवलं. विद्यार्थ्यांचा उल्लेख ऋणनिर्देशात आला. मला आज वाटतं की हा कागद पहिल्या मेललाच जोडायला हवा होता.

दादांचं उत्तर आलंच नाही. शुक्रवार गेला. क्रम ठरला असं धरलं, पण ३.१ चा होकार हवा होता, म्हणून सोमवारी फोन केला. ते उत्तरपत्रिका तपासण्यात बुडालेले होते. मेल वाचला होता, आवडलाही होता, ‘हो’ लिहायचं राहिलं होतं. बोलता बोलता त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. पावसाच्या नोंदी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या आहेत, तो आमच्या शिवारात नाही. मराठवाड्यातला पाऊस बांधाच्या या बाजूला पडतो, त्या बाजूला नाही. म्हणून ‘सारखी कोरडी वर्षं’ म्हणताना एकूण मिलिमीटर पुरेसे नाहीत, पावसाचे दिवस आणि मोठे खंडही पाहावे लागतील. ही मर्यादा जुन्या मसुद्यात नवव्या प्रकरणात एका ओळीत होती. आता ती ३.१ मध्ये, जिथे तुलना ठरते तिथेच आली.

शनिवारी मी परिच्छेद हलवले, फक्त हलवले. ट्रॅक चेंजेस बंद ठेवून, एकही शब्द न बदलता, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला कंसात जुना क्रमांक टाकून: ‘५-४’ म्हणजे जुन्या पाचव्या प्रकरणातला चौथा. ही प्रत सगळ्यांना दिली आणि सांगितलं की ट्रॅक चेंजेस आता सुरू करा. या वेळी प्रत्येकाला आपला परिच्छेद सापडला. नवं लिखाण लाल दिसलं, ते खरोखरच नवं होतं.

हलवल्यावर काही गोष्टी तुटतात आणि त्या शोधूनच काढाव्या लागतात. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ या अर्थाची अकरा वाक्यं आता खाली असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवत होती. संक्षेपांची पूर्ण रूपं जुन्या पहिल्या उल्लेखापाशी अडकली होती, नवा पहिला उल्लेख आधीच येऊन गेलेला. आकृती ५ आता आकृती २ च्या आधी येत होती. संदर्भ जिथे सॉफ्टवेअरनं घातलेले होते तिथे क्रमांक आपोआप बदलले. जिथे कुणी हातानं कंसात आकडा टाइप केला होता तिथे चुकीच्या पेपरकडे बोट गेलं. असे चार निघाले. वाचून ते कळत नाहीत, एकेक क्रमांक यादीशी ताडूनच सापडतात.

आणि एक परिच्छेद असा निघाला की त्याला नव्या मांडणीत जागाच मिळेना. जुन्या आठव्या प्रकरणातला तो, नाल्यापासून लांबच्या विहिरींनाही खोलीकरणाचा फायदा झाला असं सांगणारा. ३.१ मध्ये तो बसत नव्हता, ३.२ मध्ये त्याच्या विरुद्ध आकडे होते, ३.३ चा विषय वेगळा. मी तो सगळीकडे ठेवून पाहिला. शेवटी सरांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘ते २०१६ बघून लिहिलं होतं गं.’ लांबच्या विहिरी पावसानं भरल्या होत्या. उलट, त्याच आमच्या तुलनेच्या विहिरी होत्या. त्या भरल्या नसत्या तरच नाल्याकाठची सगळी वाढ खोलीकरणाची म्हणता आली असती. परिच्छेद काढला, आणि जुन्या सारांशातलं त्याच अर्थाचं वाक्यही.

तीन आठवड्यांचे पाच झाले. मॅडमचा भाग सगळ्यात आधी आला आणि १२०० च्या जागी १४०० शब्दांचा आला. मी इंट्रोडक्शनमधून २०० कमी केले, तिथे ते निघण्यासारखे होते. चार हातांचं लिखाण एका आवाजात आणायला मी एकटीनं शेवटचा हात फिरवला, पण कोणत्याही वाक्याचा अर्थ बदलत असेल तर तिथे टिप्पणी ठेवून त्या भागाच्या लेखकाला विचारलं. सारांश सगळ्यात शेवटी, कोऱ्या पानावर लिहिला. जुना दुरुस्त करत बसले असते तर जुना क्रम त्यातून परत आला असता.

अंतिम प्रतीला प्रत्येक लेखकाची लेखी मान्यता लागते. इथे मुदत आणि मौन चालत नाही. सर आणि मॅडम यांचे मेल आले. दादांनी फोनवर ‘पाठवून टाक’ म्हटलं. मी म्हटलं, दादा, एक ओळ लिहून पाठवा. संध्याकाळी ओळ आली, सोबत ३.१ मधल्या एका आलेखाची दुरुस्ती: २०१८ चा ऑगस्टमधला खंड दोन दिवसांनी कमी मोजला गेला होता. तो आलेख बदलला, प्रत पुन्हा चौघांकडे फिरवली आणि तिसऱ्या दिवशी पेपर पाठवला.